वीस तारखेचे सत्तर टक्के

“तीस टक्के म्हंजे दहा सारखे दिवस घ्या, त्यातले तीन ओले, आपला दिवस कोन्ता, ते आकडा सांगत नाही.”

हे वाक्य दादाराव सोमकुवर यांनी सौंसरच्या तहसील कचेरीच्या ओट्यावर, संत्र्याच्या एका मोठ्या बागाइतदाराला सांगितले होते. बागाइतदाराचे नाव यशवंतराव. त्यांनी विचारले होते, “तीस टक्के म्हंजे माया बगीचाच्या तिसऱ्या हिश्श्यावर पडन का जी?” दादारावांनी वाक्य सांगितले, पिशवी उचलली आणि आत गेले. यशवंतराव बाहेर उभ्या असलेल्यांना म्हणाले, “चपराशी हाय, पन बोलते कलेक्टरावानी.” लोक हसले. दादारावांना आत ऐकू आले असणार. 

ते चपराशीच होते. कचेरीच्या मागच्या अंगणात तारेच्या कुंपणात एक पर्जन्यमापक होते, आणि १९७० पासून ते मोजायचे काम दादारावांकडे होते. काम लहान. रोज सकाळी साडेआठला कुंपणाचे फाटक उघडायचे, भांड्यातले पाणी काचेच्या मापात ओतायचे, डोळा पाण्याच्या रेघेशी आणायचा आणि आकडा रजिस्टरात लिहायचा. पाणी नसेल तर शून्य लिहायचे. वर्षातले बहुतेक दिवस शून्याचेच. तरी ते रविवारी जात, दिवाळीला जात, बाप वारला त्या सकाळीही गेले होते. मापाचा पेला कचेरीत एकदा फुटला, तेव्हापासून नवा पेला ते कापडात गुंडाळून घरी ठेवत. त्यांची बायको यमुनाबाई म्हणत, “ह्या घरात एकच वस्तू काचेची हाय, अन् ते बी सरकारची.”

या कामाचा एक नियम होता. साडेआठला भांड्यात जे सापडेल ते त्या सकाळच्या तारखेला लिहायचे. मग ते पाणी काल दुपारी पडलेले असो की पहाटे. म्हणजे रजिस्टरातला दिवस आदल्या सकाळी साडेआठला सुरू होई आणि त्या तारखेच्या सकाळी साडेआठला संपे. बाहेरच्या जगात दिवस सूर्याबरोबर उगवे, दादारावांच्या जगात तो तेव्हा मावळतीला आलेला असे. एकोणीस वर्षांत हा फरक त्यांच्या इतका अंगात मुरला होता की तो फरक आहे हेच ते विसरले होते.

१९८७ च्या पावसाळ्यात नागपूरच्या एका कार्यालयाने संत्रा बागाइतदारांसाठी एक प्रयोग सुरू केला. फवारणी कधी करावी हे ठरवता यावे म्हणून पुढच्या तीन दिवसांत पाऊस येण्याची शक्यता टक्क्यांत कळवायची. रेडिओवर तोवर ‘काही ठिकाणी’, ‘एक-दोन ठिकाणी’ एवढेच सांगत. टक्के कोणी ऐकले नव्हते. दर दुपारी तार येई. तिच्यात तारीख आणि आकडा, तारीख आणि आकडा, इतकेच. सुरुवातीला हिंदीत छापलेले एक सूचनापत्र आले होते. आकडा सौंसरच्या मापकाच्या जागेचा आहे. अडीच मिलिमीटर किंवा जास्त पडला तर पाऊस आला असे धरावे. तारीख साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांची समजावी. हे पत्र कोणी वाचले नाही. दादारावांनी वाचले, आणि शेवटची ओळ वाचताना त्यांना वाटले, हे काय लिहायचे, हे तर असेच असते.

तार आली की ते आकडे खडूने ओट्याजवळच्या फळ्यावर लिहीत. बागाइतदार येत, पाहत, आणि आपापला अर्थ घेऊन जात. कोणी तीस टक्के म्हणजे तीस टक्के जमिनीवर म्हणे. कोणी म्हणे, दिवसातला तेवढा वेळ. कोणाला वाटे, पाऊस थोडासा, चहात दूध टाकावे तेवढा. शाळामास्तर मधुकर गजभिये म्हणाला होता, “तेहतीसला पास. तीस म्हंजे पाऊस नापास, काकाजी. उगाच कायले भेता?”

दादारावांनी एक वेगळी वही सुरू केली. तिचे कोणी काम सांगितले नव्हते. आकड्यांची पाने केली: दहाचे पान, वीसचे, तीसचे, असे नव्वदपर्यंत. रोज सकाळी त्या तारखेच्या आकड्याच्या पानावर एक उभी रेघ मारायची आणि पाऊस आला असेल तर तिच्यावर टिंब द्यायचे. पावणेदोन वर्षांत तीसच्या पानावर साठ रेघा झाल्या आणि एकोणीस टिंबे. सत्तरच्या पानावर चाळीस रेघा, टिंबे सत्तावीस. पान उघडून ते पुष्कळ वेळ पाहत बसत. नागपुरातल्या कोणा अनोळखी माणसाने खोटे सांगितले नव्हते. आणि तरीही कोणती रेघ टिंबाची होणार हे त्या माणसालाही कळत नव्हते. या गोष्टीने त्यांना दिलासा मिळत असे की भीती वाटत असे, हे त्यांचे त्यांना सांगता आले नसते.

१९८९ च्या मार्चमध्ये सुशीलाच्या मुलीचे लग्न ठरले.

सुशीला त्यांच्या शेजारची. नवरा जाऊन सात वर्षे झाली होती. कापूस वेचायला, निंदायला, संत्र्याच्या तोडीला जाई. मुलगी सरला, आणि मुलगा सापडला तिगावचा, रेल्वेतल्या गँगमनचा. लग्न एकोणीस मार्चला, रविवारी, दुपारी चारला, शाळेच्या मैदानात. तीनशे माणसे जेवणार होती. तांदूळ आणि चणाडाळ सुशीलाने दोन वर्षे मजुरीतून बाजूला काढून ठेवली होती. उरलेले वस्तीने घरोघरून दिले होते. एकदा शिजवलेले दुसऱ्यांदा शिजवण्याइतके तिच्याकडे काही नव्हते.

मैदानच का, यालाही कारण होते. वस्तीच्या विहाराची खोली साठ माणसांची. गावात एक धर्मशाळा होती, तिथे छप्पर होते. पण सुशीलाचे स्वतःचे लग्न लागले तेव्हा पाऊस आला म्हणून वऱ्हाड त्या धर्मशाळेत गेले होते, आणि त्यांना मागच्या गोठ्याच्या पडवीत पंगत मांडायला सांगितले होते. सुशीलाने ते जेवण आठवणीत ठेवले होते. ती म्हणाली, “माही पोरगी उघड्यावर जेवन, पन मांगच्या दारानं जानार नाही.” कोणी वाद घातला नाही.

शुक्रवारी सतरा तारखेला दुपारी तार आली. अठरा, वीस टक्के. एकोणीस, तीस. वीस, सत्तर. दादारावांनी फळ्यावर लिहिले.

संध्याकाळी मधुकर घरी आला. लग्नाची सगळी व्यवस्था त्याच्याकडे होती. त्याने दारातूनच विचारले.

“काकाजी, एकोनीसचा काय आला?”

“तीस.”

“झालं मंग. नापास.”

“नापास नाही गा. दहातले तीन.”

“म्हंजे सात कोरडे. मैदान ठेवू का नाही, ते बोला.”

दादारावांनी थोडा विचार केला. “मैदान ठेव. पन लाकडं अन् कोरडा शिधा विहारात ठेव. चूल शाळेच्या वरांड्यात मांडजो. तीस असला म्हनून लगन नाही हालवत, पन तीनशे मानसाचा भात उघड्यावर बी नाही ठेवत. दोन ताडपत्र्या मांगून आन.”

“वरांड्यात चूल? हेडमास्तर मले फाडून खाईन.”

“आपल्याच हेडमास्तराले तू भेतं, अन् पावसाले नापास करतं.”

यमुनाबाई आतून हसल्या. मधुकर चहा पिऊन निघाला, आणि तो नाक्यापर्यंत पोचला नसेल तोच आभाळ काळे होऊन एक सर आली. दहा-पंधरा मिनिटांची. पत्र्यावर वाजली आणि गेली. वस्तीत कोणी म्हणाले, बरे झाले, आजच पडून गेला.

शनिवारी सकाळी दादाराव कुंपणात होते तेव्हा मधुकर सायकलवर आला. त्याला कचेरीच्या सतरंज्या हव्या होत्या. तो तारेबाहेर उभा राहून पाहू लागला. दादारावांनी पाणी मापात ओतले, वाकून पाहिले: तीन मिलिमीटर. रजिस्टर गुडघ्यावर घेऊन लिहिले. मधुकरने मान वाकडी करून वाचले.

“काकाजी, पानी काल पडला ना? तुमी अठरा तारखेत लिहून राहिले.”

“असंच लिहितेत.”

“कालचा पानी आजच्या तारखेत?”

“साडेआठले भांड्यात जे हाय ते आजचं.”

“मंग तारेतला आकडा बी असाच असते का?” मधुकरने सहज विचारले. शाळेत पोरांना प्रश्न विचारायची सवय, म्हणून विचारले. त्याचे लक्ष सतरंज्यांत होते.

दादाराव वाकलेले होते ते तसेच राहिले. पेल्यातले पाणी त्यांनी हळूच जमिनीवर सोडले. मग पेला पुसला, नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसला.

तारेतला आकडा तसाच होता. एकोणीसचे तीस टक्के म्हणजे आज सकाळी साडेआठपासून उद्या सकाळी साडेआठपर्यंतचे. उद्या दुपारी चार वाजता, सरलाच्या गळ्यात हार पडेल तेव्हा, एकोणीसचा आकडा केव्हाच संपलेला असेल. ती वेळ वीस तारखेत होती. वीस तारखेला सत्तर होते.

“मधुकर,” ते म्हणाले, “मी तुले चुकीचं सांगतलं.”

“काय?”

त्यांनी सांगितले. दोनदा सांगावे लागले. फळ्यावर खडूने रेघ ओढून, एक सकाळ इकडे, एक सकाळ तिकडे, मधे लग्न, असे दाखवावे लागले. मधुकरचा चेहरा उतरला.

“पन तुमीच तं म्हनलं तीस.”

“तू एकोनीसचा इचारला, मी एकोनीसचा सांगतला. मायी एकोनीस येगळी हाय, हे माया ध्यानात नाही आलं.”

“आता?”

फळ्यावरच्या तिन्ही आकड्यांकडे दोघे पाहत राहिले. पावणेदोन वर्षे बागाइतदारांनी ते आकडे कसे वाचले असतील, किती फवारण्या धुऊन गेल्या असतील, हा विचार दादारावांच्या मनात आलाच असेल. पण आत्ता तीनशे जेवणाऱ्यांचा प्रश्न होता.

मधुकर म्हणाला, “धर्मशाळेत इचारू का?”

“सुशीलाले इचार,” दादाराव म्हणाले. दोघांनाही उत्तर माहीत होते.

दादारावांनी कचेरीचे कुलूप काढले आणि जुनी रजिस्टरे खाली उतरवली. रजिस्टरात शेरा लिहायला एक अरुंद रकाना असतो. पाऊस केव्हा लागला, गारा पडल्या का, वीज चमकली का. तो भरलाच पाहिजे असे कोणी पाहत नसे. दादाराव भरत. एकोणीस वर्षांचे मार्च आणि एप्रिल त्यांनी बोट फिरवत पाहिले. एकूण पावसाचे दिवस निघाले त्रेपन्न. त्यातले दुपारी बाराच्या आधी सुरू झालेले फक्त चार. बाकीचे तीननंतर, पाचला, सातला, काही रात्री.

“सत्तर चोवीस तासाचे हायेत,” ते मधुकरला म्हणाले. “कोन्त्या तासात, ते तार नाही सांगत. मायं रजिस्टर सांगते का उन्हाळ्याचा पानी दुपार झाल्यावर येते. लगन सकाळी नऊले लावू. बाराच्या आत पंगती उठल्या पाहिजे.”

“सकाळी किती टक्के मंग?”

“ते मले नाही सांगता येत. सत्तरपेक्षा कमी. लय कमी. पन आकडा नाही.”

“पन नवऱ्याकडचे चारले येऊन राहिले. तिगाववरून.”

“मी जातो.”

त्यांनी अर्ध्या कागदावर रजेचा अर्ज लिहून टेबलावर ठेवला, वर पेपरवेट ठेवला, आणि आधी सुशीलाकडे गेले. ती दारात मसाला कुटत होती. त्यांनी उभ्याउभ्याच सांगितले: माझी चूक झाली, आकडा सत्तरचा आहे, लग्न सकाळी लावले तर जेवणे कोरडी होतील असे मला वाटते, पण नक्की काही नाही.

सुशीलाने मुसळ थांबवले. “आपल्यात मुहूर्त नसते,” ती म्हणाली. “बाबासायबानं ते एक बरं केलं. पन भाऊ, मायाकडचे लोक? वसंताले कोन सांगन?”

वसंत तिचा भाऊ, सरलाचा मामा, लोधीखेड्याला वीटभट्टीवर होता.

“मधुकर निरोप पाठवन. लोधीखेडा जवळ हाय.”

“तुमी म्हनता तं सकाळी,” ती म्हणाली. मग म्हणाली, “पानी येतेच म्हना ना. म्हंजे मनाले बरं वाटन.”

“तसं नाही म्हनता येत, सुशीला.”

तिने पुन्हा मुसळ उचलले.

दहाच्या बसने ते पांढुर्ण्याला गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, गव्हाची कापणी चालू. काल सर पडून गेली होती तरी आभाळ आता स्वच्छ होते, इतके स्वच्छ की त्याच्याखाली ही धावाधाव खोटी वाटावी. पांढुर्ण्याच्या स्टेशनवर पॅसेंजरची वाट पाहताना त्यांनी वही उघडली आणि सत्तरचे पान पाहिले. चाळीसातल्या तेरा रेघा बोडक्या होत्या. उद्याची रेघ कोणती असेल? बोडकी असेल तर तिगावचे लोक पहाटे कशासाठी उठले, याचे उत्तर त्यांना द्यावे लागणार होते. हेही त्यांना तिथेच कळून चुकले होते. त्यांनी वही मिटली.

तिगावला नवरदेवाचे वडील सुखदेव रामटेके रुळाच्या कडेला खडी बसवत होते. त्यांनी ऐकून घेतले आणि टोपी काढून डोके पुसले.

“नऊले लगन म्हंजे आमाले पहाटेच निघा लागन.”

“साडेपाचले.”

“बाया तयार होतील का साडेपाचले? तुमी कोन्या दुनियेत राहता जी?”

“ट्रक दुपारचा सांगतला, तोच सकाळी सांगा. भाडं तेच.”

“अन् पानी नाही आला तं?”

“तं तीनात गेला.”

“कशाच्या तीनात?”

दादारावांनी त्यांना दहा दिवसांचे सांगितले. सुखदेवांनी एक खडा उचलून रुळावर ठेवला, दुसरा ठेवला, असे दहा ठेवले आणि तीन बाजूला सारले. 

“सातात तीनशे मानूस भिजून उपाशी जाते, अन् तीनात आमची झोप मोडते,” ते म्हणाले. “असंच ना?”

“असंच.”

“मंग इचार कायचा कराचा? पन लोकाईले काय सांगू? रात्री सगळे मायावर बसतील.”

“सांगजा, सौंसरच्या दादारावनं उठवलं. माया नावावर टाका.”

“ते तं टाकतोच,” सुखदेव म्हणाले आणि पहिल्यांदा हसले. “राहा मंग आज आमच्यातच. पळून जासाल नाही तं.”

ते तिथेच राहिले. पहाटे ट्रक निघाला तेव्हा बायका झोपेत बडबडत होत्या, वाजंत्रीवाला ताशावर डोके ठेवून घोरत होता, आणि कोणीतरी म्हातारे सारखे विचारत होते, “कोन म्हनते पानी येनार? चांदन्या तं पाहा.” दादाराव फळीला पाठ लावून बसले होते. पावणेआठला ट्रक सौंसरला शिरला. वऱ्हाड शाळेवर उतरले. दादाराव घरून पेला घेऊन कचेरीवर गेले, टेबलावर पडलेली शनिवारची तार पाहिली, आकडे तेच होते, मग साडेआठ वाजेपर्यंत कुंपणात उभे राहिले आणि शून्य लिहिले. तीसच्या पानावर रेघ मारली. टिंब नाही. मग पाय धुऊन लग्नाला गेले.

लग्न नऊ वाजून दहा मिनिटांनी लागले. त्रिशरण, पंचशील झाले. सरलाने आणि तिगावच्या पोराने एकमेकांना हार घातले, लोकांनी फुले टाकली. पहिली पंगत दहाला बसली. मैदानात, चुन्याच्या रेघांवर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सुशीलाच्या कामावरच्या बायका आणि तिगावचे गँगमन आणि वस्तीतले म्हातारे मांडीला मांडी लावून. ऊन कडक होते. वाढणारे पोरगे ओरडत होते, भात, भात, वरण. यशवंतराव बागाइतदारही येऊन जेवले, मागच्या दाराचा प्रश्न नव्हता, दारच नव्हते. पावणेबाराला शेवटची पंगत उठली. सुशीला एका खांबाला धरून रिकाम्या पत्रावळी पाहत उभी होती. तिच्या तोंडावर काय होते ते दादारावांनी पाहिले आणि दुसरीकडे पाहू लागले.

दोनला ढग आले. साडेतीनला वारा सुटला, मांडवाचे कापड फुगले, चुन्याच्या रेघा उडून गेल्या. लोधीखेड्याच्या बाजूला आभाळ निळेकाळे झाले आणि विजा दिसू लागल्या. तिगावचे लोक नवरीला घेऊन ट्रकमध्ये चढत होते; सुखदेवांनी वर पाहून दादारावांना हात केला. वस्तीतले लोक ओसरीत बसून वाट पाहू लागले. पावसाची अशी वाट त्या वस्तीने कधी पाहिली नव्हती.

पाऊस आला नाही. पाचला वारा पडला. ढग उत्तरेकडे सरकले आणि मैदानावर पिवळे ऊन आले.

तेवढ्यात बसस्टँडच्या बाजूने वसंत आला. नवा पांढरा सदरा अंगाला चिकटलेला, पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, हातात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले लुगडे. निरोप शनिवारी रात्री भट्टीच्या मुनिमाच्या घरी दिला होता. मुनीम रविवारी भट्टीवर आलाच नव्हता. लोधीखेड्याला त्याला पावसाने गाठले होते, झोडपले होते. तो कोरड्या मैदानात उभा राहिला, रिकाम्या मांडवाकडे पाहिले.

“लगन?”

“झालं,” कोणीतरी म्हणाले.

“कवा?”

“सकाळी.”

“काऊन?”

“पानी येनार म्हनून.”

वसंतने आपल्या ओल्या सदऱ्याकडे पाहिले, मग पायाखालच्या धुळीकडे. दोन-तीन जण तोंड फिरवून हसले. तो मात्र हसला नाही. लुगडे सुशीलाच्या हातात देऊन तो कोपऱ्यात जाऊन बसला.

सोमवारी सकाळी सुशीलाच्या ओसरीत आठ-दहा माणसे होती. रात्रीतही थेंब पडला नव्हता. अंगणात काल झाडल्याच्या खराट्याच्या रेघा तशाच होत्या. दादाराव कापडी पिशवी मांडीवर घेऊन चहा पीत होते. मधुकर त्यांच्या शेजारी. वसंत पुढे सरकून बसला.

“दादारावजी, सत्तरचं काय झालं?”

मधुकरने दादारावांकडे पाहिले.

“मी इचारतो. सत्तर म्हंजे पास होते ना, मास्तर? पहिला नंबर म्हना ना. एक बहीन, तिची एक पोरगी. मामा बिन लगन. मले पाहाले भेटलं नाही. अन् पानी कुठी? मायाच अंगावर!”

“लोधीखेड्याले पडला ना भाऊ,” मधुकर म्हणाला. “आकडा इथच्या भांड्याचा असते. चारले लगन असतं अन् तो ढग इकडं वळला असता...”

“वळला का?”

“नाही वळला.”

“मंग बस्स.” वसंत दादारावांकडे वळला. “चारले लावलं असतं तं काय झालं असतं? सांगा. काहीच नाही झालं असतं. मामासाठी तासभर थांबले असते, मी फुलं टाकली असती, जेवलो असतो.”

ते खरे होते. चारला लावले असते तर चांगले झाले असते, हे अंगणातल्या धुळीवर लिहिलेले होते, कोणालाही वाचता येत होते. दादारावांच्या वहीत जे लिहिले होते ते वाचायला चाळीस दिवस लागत, आणि वसंताला एकच दिवस होता. त्यांनी कप खाली ठेवला. त्यांना वसंताला ते पान दाखवता आले असते. आजची धरून एक्केचाळीस रेघा, सत्तावीस टिंबे. वही पिशवीतच होती. त्यांनी ती काढली नाही.

“तू थांब वसंता,” सुशीला म्हणाली. ती चुलीपाशी होती, रडून तिचे डोळे सुजले होते. ते सरलासाठी की भावासाठी, सांगता आले नसते. “माया इथून काल एक बी मानूस उपाशी उठला नाही. भिजला नाही. कोनी गोठ्यात बसला नाही.”

“ते चारले बी झालं असतं!”

“झालं असतं,” ती म्हणाली. “परवा माहीत होतं का तुले?”

 मग सुशीला दादारावांकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरेच जाणून घ्यायचे होते.

“पन भाऊ, एक सांगा. उद्या दुसऱ्या कोनाच्या पोरीचं लगन असलं, अन् तारेत असाच सत्तर आला, तं तुमी पुन्हा त्याईले सकाळी उठवसाल का?”

ओसरीतले सगळे दादारावांकडे पाहू लागले. मधुकरही. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात सव्वाआठ झाले होते.

दादारावांनी पिशवीचा बंद हाताला गुंडाळला, आतला पेला एकदा चाचपून पाहिला, उठले, पायताण चढवले, आणि साडेआठचे माप घ्यायला अंगणातून कचेरीच्या रस्त्याला लागले.